'नॅचरल लॉ'ला 'निसर्गनियम' म्हणावं का?

शब्दवेडा: नीतिशास्त्रावरच्या एका लेखाचं भाषांतर करतोय. 'नॅचरल लॉ'साठी 'निसर्गनियम' लिहिलं, संपादकांनी खोडलं. काय चुकलं?

वकिलीणबाई: 'नैसर्गिक न्याय' लिहा. दुसऱ्याची बाजू ऐकल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, तेच ते.

पारावरचा: नात्यातलं आहे ताई, पण तेच नव्हे. तुमचं ते सुनावणीच्या पद्धतीबद्दल झालं. इथे प्रश्न बरं-वाईट मुळात ठरतं कशावरून, हा आहे. 'निसर्गनियम' चालणार नाही, कारण गुरुत्वाकर्षण दगडाला मोडता येत नाही. १३व्या शतकात ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसने मांडलेला नियम माणूस रोज मोडतो. जगणं, मुलं वाढवणं, सत्य जाणणं, इतरांसोबत राहणं याकडे माणसाचा मूळचा ओढा असतो आणि बुद्धी त्यातून त्याचं हित ओळखते, असं तो म्हणतो. मी 'नैसर्गिक विधी' लिहीन.

डावखुरी: म्हणजे निसर्गाविरुद्ध ते वाईट? लहानपणी डाव्या हाताने लिहिलं की मला हेच ऐकवायचे!

पारावरचा: तुम्हाला ऐकवलं ते सवयीचं शास्त्र. 'नैसर्गिक' म्हणजे इथे 'बहुतेकांचं असतं तसं' नव्हे. हाताचं प्रयोजन धरणं, घडवणं. ते डाव्यानेही साधतं.

शब्दवेडा: 'प्रयोजन' की 'हेतू'?

पारावरचा: प्रयोजन. हेतू मनात असतो, डोळ्याला मन नाही.

उलटतपासणी: खरी गोम त्या प्रयोजनातच आहे. वाणी मनातलं सांगण्यासाठी, म्हणून खोटं बोलणं वाईट. अक्वायनसच्या युक्तिवादाचा एक धागा हा. आता दारात मारेकरी उभा आहे, आत कुणी लपलंय. अक्वायनसच्या मते तेव्हाही खोटं बोलायचं नाही. शिताफीने सत्य झाकलं तर चालेल. पण वाणीचं प्रयोजन 'माणसांनी एकमेकांना सांभाळून राहणं' असं वाचलं, तर निकाल उलटतो. कुठलं वाचन खरं, हे वाणीकडे पाहून कसं कळणार? शिवाय तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमची हरकत आहेच: 'असं आहे'वरून 'असं असावं' येत नाही.

पारावरचा: याच परंपरेतला तत्त्वज्ञ जॉन फिनिस ती हरकत मान्यच करतो. १९८०च्या पुस्तकात तो नीती शरीररचनेतून काढतच नाही. ज्ञान, मैत्री ही हितं स्वयंस्पष्ट धरतो.

उलटतपासणी: मग 'नैसर्गिक' उरलं कशाला?

पारावरचा: हे त्याला त्याच्याच गोटातले विचारतात.

शब्दवेडा: सरळ 'धर्म' लिहू? अग्नीचा धर्म जाळणं, राजाचा धर्म प्रजापालन.

उलटतपासणी: तिथेच फसाल. पहिला धर्म गुण, दुसरा कर्तव्य. ह्यूमने दाखवलेली फट त्या एका शब्दाखाली बुजते, वाचकाला दिसतही नाही.

पारावरचा: फट नाहीच असं मानणाऱ्याला तोच शब्द नेमका वाटेल!

शब्दवेडा: तूर्त 'नैसर्गिक विधी' पाठवतो. 'विधी' म्हणजे पूजा समजले तर पुन्हा येईन.