मदत हवी आहे, अर्जंट: दारू सोडल्यावर भास, ताप. सांगोल्याजवळ कोणी आहे का?

माझा चुलतभाऊ रोज क्वार्टर-दोन क्वार्टर प्यायचा, रविवारी एकदम बंद केली. सोमवारी नुसते हात थरथरत होते, आज बुधवारी अंगावर मुंग्या चढतायत म्हणून झटकत बसलाय, वहिनीला ओळखत नाहीये, ताप 102, घामाने अंथरूण ओलं. घरचे म्हणतात बाहेरचं लागलंय, देवऋषाकडे नेऊ. मी पुण्यात नर्स आहे, हे डिलिरियम ट्रेमेन्स वाटतंय, दारू बंद केल्यावर साधारण दोन ते चार दिवसांत येतं. रोजच्या दारूने दाबलेला मेंदू ती अचानक थांबली की बेफाम होतो, मग फिट येऊ शकते, हृदयाचे ठोके बिघडतात, उपचार नाही मिळाले तर माणूस जातो. घरी झोपेची गोळी किंवा परत थोडी दारू देऊन चालत नाही, अ‍ॅडमिट करून शिरेतून लोराझेपाम आणि थायमिन लागतं, सतत लक्ष ठेवावं लागतं.

108 ला फोन झालाय. जवळचं कोणी लगेच घरी जाऊन काकांना समजावेल का? आणि आत्ता रात्री आयसीयू बेड कुठे मिळेल? मी निघालेय पण पोचायला पहाट होईल.