मदत हवी: गोदामाला आग, विमावाले घटनेच्या रिपोर्टात आधी काय बघतात?

कळमनाकर: कळमन्याजवळ आमच्या शेठचं सरकी ढेपीचं गोदाम आहे. रविवारी पहाटे आग लागली. सुपरवायझरने लिहिलेला रिपोर्ट असा: "शनिवारी संध्याकाळी मेन स्विच बंद करून कुलूप लावले. पहाटे चौकीदाराला धूर दिसला. शॉर्ट सर्किटमुळे आग लागून माल जळाला." सर्व्हेयर उद्या येतोय आणि सविस्तर रिपोर्ट मागतोय. हिशेब मी बघतो, म्हणून माझ्याच गळ्यात आलं. त्यांची नजर आधी कुठे जाते?

जुना_सर्व्हेयर: या तीन ओळींतच जाते. मेन बंद होता तर शॉर्ट सर्किट कुठून झालं? आम्ही कारण शेवटी वाचतो. आधी बघतो वेळ आणि कोणी काय डोळ्यांनी पाहिलं ते. स्विच कोणी बंद केला, चौकीदाराला धूर कुठल्या थप्पीतून दिसला, वरून की मधून? 'शॉर्ट सर्किट' कोणी पाहिलेलं नसतं, ते लिहायची सवय असते.

बुटीबोरीवाला: मेनची ओळ काढून टाका न भाऊ. ढेप आपोआप पेटली म्हटलं तर एक पैसा मिळत नाही.

जुना_सर्व्हेयर: अर्धं बरोबर. जुन्या धाटणीच्या फायर पॉलिसीत माल स्वतःच तापून पेटला तर त्या मालाचं नुकसान वगळलेलं असतं, पण त्याचं जोड-कव्हर मिळतं. पॉलिसीचा कागद काढून बघा. ओळ मात्र काढू नका. पहिला रिपोर्ट गेलेला आहे, दुसरा त्याच्याशी जुळला नाही की सगळ्याच कागदांवर संशय येतो. ओली ढेप दाबून रचली की थप्पीच्या पोटात उष्णता कोंडते. थप्पी उघडली की दिसतं: बाहेरची पोती अर्धवट होरपळलेली, आतली कोळसा. तेव्हा सर्व्हेयर येईपर्यंत ढिगारा हलवू नका.

शेतकरीपुत्र: माझ्या सोयाबीनच्या पीकविम्याचं पण असंच अडलं आहे. पंचनाम्याची तारीख चुकली. काय करू?

जुना_सर्व्हेयर: तुमचा नियम वेगळा, वेगळा धागा काढा.

कळमनाकर: चौकीदाराला विचारलं. म्हणतो, शुक्रवारपासून मागच्या थप्पीकडून करपट वास येत होता, कोणाला सांगितलं नाही. हे लिहू?

जुना_सर्व्हेयर: लिहा, त्याच्याच शब्दांत, त्याच्या नावाने. पुढे 'म्हणून माल तापला' असं जोडू नका. माल कधी आला, तेव्हा पाऊस होता का, आवक पावतीवर ओलावा नोंदवलाय का, तेही द्या.

कळमनाकर: आणखी एक. चौकीदाराच्या खोलीचा दिवा मेनच्या आधीच मीटरवरून घेतला आहे. वायर मागच्या भिंतीवरूनच जाते.

बुटीबोरीवाला: घ्या! म्हणजे शॉर्ट सर्किटच.

जुना_सर्व्हेयर: होऊही शकतं, म्हणून ती वायर तशीच राहू द्या. पण तांब्यावर वितळल्याचे मणी दिसले तरी तेवढ्याने भागत नाही. वायरीत वीज असताना बाहेरची आग तिच्यापर्यंत पोचली तरी मणी होतात. आग थप्पीतून वायरीकडे गेली की वायरीतून थप्पीकडे, ते जागेवर बघूनच कळेल. सकाळी मागच्या भिंतीचे फोटो टाका.