फुटका बंपर आणि ब्रेक-इन तपासणी

"कारची पॉलिसी संपून 20 दिवस झाले. परवा पार्किंगमध्ये बंपर फुटला. आता रिन्यू केली तर क्लेम मिळेल का?"

नाही मिळणार. नवी पॉलिसी मागच्या तारखेपासून लागू होत नाही, त्यामुळे हा खर्च तुमच्याच खिशातून. संपलेली पॉलिसी रिन्यू करण्याआधी विमा कंपनी गाडीची तपासणी करते, तीच ब्रेक-इन तपासणी. त्यात गाडीचे चारही बाजूंनी फोटो, चासी नंबर, ओडोमीटर सगळं घेतात. फुटका बंपर तिथेच नोंदला जाईल आणि पुढे त्याच बंपरचा क्लेम टाकलात की हेच फोटो पुढे करतील. म्हणून आधी बंपर बदला, बिल जपा, मग तपासणीला बोलवा. गॅरेजला टो करूनच न्या. विमा नसताना कुणाला धडक बसली तर भरपाई मालकाच्या गळ्यात पडते, दंड वेगळाच. एनसीबी, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, मात्र शाबूत आहे, पॉलिसी संपल्यापासून 90 दिवसांपर्यंत.