तीळ काढल्यावरची जखम : लाली कशाची, हे तुम्ही कसं ओळखलंत?

धागा सुरू करणारी, इंदिरानगर

माझ्या पाठीवर उजव्या फऱ्याजवळ तीळ होता. वर्षभरात त्याच्यात दोन छटा दिसायला लागल्या, कडा वेड्यावाकड्या झाल्या. गंगापूर रोडच्या त्वचेच्या डॉक्टरांनी तो काढून तपासणीला पाठवला. तीळ जेमतेम 6 मिलिमीटरचा, पण काप अडीच सेंटिमीटरचा आणि टाके चार.

चार दिवस काही त्रास नव्हता. मी जखम रोज धुऊन तेच मलम लावत होते, जे घरात कापलं-भाजलं की वर्षानुवर्षं लावतो. पाचव्या रात्री खाजेनं जाग आली. सकाळी यांनी फोटो काढून दाखवला, तर टाक्यांभोवती लालभडक झालेलं आणि त्यात मोहरीएवढे पाण्याचे फोड. घरात सगळ्यांचं एकच, "पू धरला." मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणल्या. दोन दिवस घेतल्या, फरक शून्य.

आठव्या दिवशी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी बोटानं दाबून पाहिलं, तर दुखत नव्हतं आणि गरमही लागत नव्हतं. मग फोटो माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "लालीचा आकार बघा." ती चौकोनी होती. गॉझचा तुकडा जेवढा, तेवढीच लाली, कोपऱ्यांसकट. जंतू काही चौकोनात पसरत नाहीत. मलमाची ॲलर्जी निघाली! मलम आणि गोळ्या दोन्ही बंद झालं. जखमेवर नुसती पेट्रोलियम जेली आणि भोवतालच्या कातडीवर त्यांनी दिलेलं स्टेरॉइड क्रीम पाच दिवस. तिसऱ्या दिवशी खाज गेली.

तुमच्या जखमेचं काय झालं? काय बिघडलं आणि ते कितव्या दिवशी लक्षात आलं, तेवढं जरूर लिहा.

निवृत्त सिस्टर, नाशिकरोड

ताई, तुमच्या डॉक्टरांनी नेमकं पाहिलं. सर्जिकल वॉर्डात 31 वर्षं ड्रेसिंग केली, त्यावरून सांगते. पहिले दोन-तीन दिवस टाक्यांलगत बारीक गुलाबी कड असतेच. ती रोज थोडी थोडी ओसरली पाहिजे. जंतुसंसर्ग झाला तर बहुतेकदा चौथ्या ते आठव्या दिवसाच्या सुमारास कळतो, आणि तो आधी दुखण्यातून कळतो. कमी झालेलं दुखणं परत येतं, ठणका लागतो. जागा गरम आणि टणक होते, मग गढूळ, वास येणारा पू दिसतो. खाज जास्त आणि दुखणं नाही, असं असेल तर मी आधी मलम आणि चिकटपट्टी बघते.

शंका असेल तर लालीच्या कडेनं बॉलपेननं रेघ मारा आणि बाजूला वेळ लिहा. काही तासांत लाली रेघेबाहेर गेली तर त्याच दिवशी दाखवा. ताप, थंडी, किंवा जखमेपासून वर चढत जाणारी लाल रेघ दिसली तर सकाळची वाट बघू नका.

आणि नळीवरचं बारीक अक्षर वाचा. फ्रॅमायसेटिन आणि निओमायसिन ही सख्खी भावंडं आहेत. एकाची ॲलर्जी असली की दुसऱ्याचीही बहुधा असतेच. लोक नळी बदलतात आणि खाज तशीच राहते, ती यामुळे.

द्राक्षवाला, निफाड

माझा हाताच्या मागचा तीळ ऐन काढणीत काढला. आमच्याकडे जखम उघडी ठेवतात, वर हळद दाबतात. वारा लागल्याशिवाय जखम सुकत नाही. मी तेच केलं आणि बरा झालो. मात्र घड कापताना कात्री लागून खपली तीनदा निघाली आणि दर वेळी रक्त आलं. महिना गेला. पाण्यात हात बुडवायचा नाही हे मात्र मी पाळलं, फवारणीच्या टाकीपासूनही लांब राहिलो.

निवृत्त सिस्टर, नाशिकरोड

दादा, पाण्याचं आणि फवारणीचं तुम्ही अगदी बरोबर केलंत. पण तुमचा महिना गेला तो त्या खपलीमुळे. नवी कातडी कडेकडेनं आत सरकत येते. वर कडक खपली असली तर तिला खालून वाट काढावी लागते, आणि खपली ओढली गेली की तीही सोबत निघते. म्हणून पहिले 24 तास पट्टी तशीच ठेवायची, नंतर रोज साबणाचं पाणी हलक्या हातानं वरून सोडायचं, टिपून घ्यायचं, पेट्रोलियम जेलीचा थर द्यायचा आणि न चिकटणारी पट्टी लावायची. जेली नव्या नळीतली घ्या, घरातल्या सगळ्यांची बोटं बुडालेल्या डबीतली नको. हळदीची पूड निर्जंतुक नसते, जखमेत ती खड्यासारखी अडकून बसते.

सातपूरहून एक आई

माझ्या मुलीच्या हनुवटीवर तीळ आहे, पुढच्या वर्षी लग्न करायचंय. लेझरनं काढला तर टाकेच नाहीत म्हणे. नाशिकमध्ये कुठे करावं?

निवृत्त सिस्टर, नाशिकरोड

ताई, कुठे हे नंतर बघू. लेझरनं तीळ जळून जातो, तपासायला तुकडाच उरत नाही. आधी त्वचेच्या डॉक्टरांना डर्मोस्कोपनं बघू द्या.

मुलगा, पंचवटी

बाबांच्या नडगीवरचा वरवर खरवडून तुकडा घेतला होता, टाके नव्हते. चौथ्या दिवशी जखमेवर पिवळट, ओलसर थर आला. मला वाटलं पू. मी गॉझनं घासून घासून काढला, रक्त आलं. दुसऱ्या दिवशी परत थर, परत घासला. असं पाच दिवस. शेवटी डॉक्टर म्हणाले, हा पू नाही, उघड्या जखमेवर असा थर येतोच. पू वाहतो, पुसला जातो. हा थर चिकटून बसलेला असतो, त्याला वास नसतो, भोवती लाली वाढत नाही. बाबांना मधुमेह, त्यात नडगीला रक्तपुरवठा कमी. जखम भरायला सात आठवडे लागले. त्यातले किती माझ्या घासण्यामुळे, हा विचार मनातून जात नाही.

रक्त आलं तेव्हा मी दर मिनिटाला गॉझ उचलून बघायचो, तेही चुकलं. 15-20 मिनिटं सलग दाबून धरायचं, मध्ये बघायचं नाही. बाबांची रक्त पातळ करणारी गोळी मी स्वतःच बंद करणार होतो, त्यावर डॉक्टर खूप रागावले. ती त्यांना विचारल्याशिवाय थांबवायची नाही.

सिडकोहून

माझी जखम सुरेख भरली होती. छातीच्या मधोमध होती. तीन महिन्यांनी तिथे खाज सुटली, वण वर आला आणि मूळ कापाच्या बाहेर पसरायला लागला. केलॉइड. आत इंजेक्शनं घेतेय, चार झाली. थोडा सपाट झालाय, पण एक कड अजून पुढे सरकतेय. खांद्यावर किंवा छातीवर कुणाचा पूर्ण थांबलाय का?

धागा सुरू करणारी, इंदिरानगर

टाके चौदाव्या दिवशी निघाले. रिपोर्टही आला, साधा तीळ आहे, कडा मोकळ्या आहेत. फक्त एक कोडं राहिलंय. फोटो मोठा करून बघितला तर चौकोनाच्या दोन बाजूंना चिकटपट्टीखालीही पुसट लाली दिसते. म्हणजे मलम एकटंच दोषी की पट्टीही? पुढच्या महिन्यात पाठीवर पॅच टेस्ट आहे, 48 तास अंगावर ठेवणार आहेत. तोवर कागदी टेप वापरतेय, आणि घरातली ती नळी फेकून दिली. सिस्टर, कपाटाच्या दारावर त्या दोन्ही औषधांची नावं लिहून चिकटवलीत.