शब्दचर्चा: 'अतिथी व्याख्याता म्हणून संधी मिळावी' असं लिहावं का?

पालवी
मी वनस्पतिशास्त्रात काम करते. झाडांच्या वाढवलयांवरून जुने दुष्काळ ओळखणं हा माझा विषय. ऑक्टोबरात १२ ते १४ तारखांना एका परिषदेसाठी परगावी जाणार आहे. तिथल्या विद्यापीठाच्या भूगोल विभागात याच विषयावर काम करणाऱ्या एक प्राध्यापिका आहेत. त्यांच्या विभागात एक तास बोलायची इच्छा आहे. आमची ओळख नाही. त्या मराठी आहेत, लेखनही मराठीत करतात, म्हणून पत्र मराठीतच लिहायचं ठरवलंय. मसुद्यातलं मुख्य वाक्य असं:

'आपल्या विभागात अतिथी व्याख्याता म्हणून सेमिनार घेण्याची संधी मिळावी व आपण त्याचे यजमानपद स्वीकारावे, ही नम्र विनंती.'

वाचताना काहीतरी खटकतं, पण नेमकं काय ते सापडत नाही. 'अतिथी व्याख्याता', 'सेमिनार' आणि 'यजमान' हे तिन्ही शब्द इथे बरोबर आहेत का?

रविकिरण
ताई, त्यासाठी पत्र लिहून उपयोग नाही. जाहिरात निघेपर्यंत थांबावं लागतं. मी दोन महाविद्यालयांत अतिथी व्याख्याता होतो. अर्जासोबत गुणपत्रिका, नेट-सेटचं प्रमाणपत्र, अनुभवाचा दाखला हे सगळं लागतं, मग मुलाखत होते. मानधन तासाप्रमाणे मिळतं. विभागप्रमुखांना आधी भेटून आलात तर किती तास रिकामे आहेत ते कळेल.

पालवी
रविकिरण, मला नोकरी नको आहे, फक्त एकदा बोलायचं आहे.

टाचण
पालवी, रविकिरण यांनी जे वाचलं तेच त्या प्राध्यापिकाही वाचतील. नेमकं खटकतंय ते हेच. महाविद्यालयांच्या व्यवहारात 'अतिथी व्याख्याता' हे आता जवळजवळ पदनाम झालं आहे. कोश काहीही म्हणो, वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढे तासिका तत्त्वावरची नेमणूकच येते. त्यात पुढे 'संधी मिळावी' आलं की तो सरळ नोकरीचा अर्ज होतो. मी आमच्या विभागाची व्याख्यानमाला काही वर्षं सांभाळली आहे. अशी पत्रं माझ्यासमोर कार्यालयाकडे वळवली गेली आहेत आणि तिथून 'सध्या पद रिक्त नाही' असं छापील उत्तर गेलं आहे. ज्याला फक्त बोलायचं होतं, त्याला आपल्याला नाकारलं असं वाटलं.

स्वतःला कोणतंही पद देऊ नका. 'आपल्या विभागात एक व्याख्यान द्यायची इच्छा आहे' एवढं पुरे. पाहुण्या तुम्ही आहातच, ते वेगळं सांगायला नको.

शुद्धलेखक
'सेमिनार' हा परभाषेतला शब्द आहे. त्याला 'परिसंवाद' हा उत्तम मराठी प्रतिशब्द आहे. 'परिसंवादात सहभागी होण्याची इच्छा' असं लिहावं. 'चर्चासत्र'ही चालेल.

टाचण
शुद्धलेखक, मराठी शब्द वापरावा हे मान्य. पण हे दोन्ही शब्द इथे वेगळाच अर्थ देतात. परिसंवादाला एक विषय, तीन-चार वक्ते आणि एक अध्यक्ष असतो. चर्चासत्र तर दिवसभराचं किंवा दोन दिवसांचं असतं, त्याला निधी लागतो, नोंदणी असते, निबंध मागवले जातात. विभागाला 'मला आपल्याकडे चर्चासत्र घ्यायचं आहे' असं पत्र आलं, तर ते सभागृह आणि खर्च यांचा विचार करू लागतील.

पालवींच्या वाक्यातलं क्रियापदही पाहा. 'सेमिनार घेणे' म्हणजे तो भरवणे. आपण बोलणार असलो तर व्याख्यान 'देतो'. 'घेण्याची' या एका शब्दाने तुम्ही वक्त्याच्या जागेवरून आयोजकाच्या जागेवर गेलात.

शुद्धलेखक
'घेणे' आणि 'देणे' यांचा मुद्दा पटला. मग 'सेमिनार' ठेवायचाच नाही ना?

टाचण
विभाग आपल्या मालेला काय म्हणतो ते संकेतस्थळावर पाहायचं आणि तोच शब्द उचलायचा. ते 'साप्ताहिक सेमिनार' म्हणत असतील तर तसं, 'व्याख्यानमाला' म्हणत असतील तर तसं. नुसता 'सेमिनार' मात्र अनेक विभागांत एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासक्रमातल्या सादरीकरणालाही म्हणतात. 'व्याख्यान' शब्दाने तो घोळ टळतो.

मेघना_क
'यजमान'वर कुणीच बोललं नाही. माझ्या आजीच्या तोंडी 'आमचे यजमान' म्हणजे आजोबा! एखाद्या बाईंना 'आपण माझ्या यजमान व्हाल का' असं लिहिणं मला तरी विचित्र वाटतं.

शुद्धलेखक
मूळ अर्थ यज्ञ करवून घेणारा. पुरोहिताला दक्षिणा देणारा तो यजमान. त्यावरून घरधनी, नवरा, पाहुणचार करणारा असे अर्थ आले. क्रीडास्पर्धांच्या बातम्यांत 'यजमान संघ' रोज छापून येतो, तेव्हा शब्द चूक नाही.

टाचण
चूक नाही, पण या पत्रात तो नकोच, आणि कारण व्याकरणाचं नाही. बाहेरच्या वक्त्यासाठी विभागातल्या कुणीतरी जबाबदारी घ्यावी लागते. ती व्यक्ती समन्वयकाकडे नाव सुचवते, खोली आणि प्रक्षेपकाची सोय पाहते, सभेत ओळख करून देते, व्याख्यानाच्या आधी-नंतर कुणाकुणाला भेटायचं त्याचं वेळापत्रक लावते. त्या दिवसाची तिची दुपार तुमच्या नावावर जाते. 'यजमानपद स्वीकारावे' म्हटलं की विषय काय, तारीख कोणती हे कळायच्या आधीच तुम्ही हे सगळं मागता. अनोळखी माणसाला त्यावर 'नाही' म्हणणं सोपं जातं.

पहिल्या पत्रात छोटा प्रश्न विचारा: त्या तारखेला मालेत जागा आहे का, आणि यासाठी कुणाला लिहायला हवं? हे उत्तर त्या एका ओळीत देऊ शकतात. विषय आवडला तर बाकीचं त्या आपणहून करतात. बहुतेक वेळा पत्र 'बघा जमतंय का' असं म्हणून समन्वयकाकडे जातं, आणि विभागातल्या प्राध्यापकाने पुढे पाठवलेल्या पत्राला वजन असतं.

रविकिरण
पण रीतसर मार्ग विभागप्रमुखांचा ना? 'योग्य मार्गे' लिहून प्रमुखांना पाठवायचं आणि प्रत सगळ्या प्राध्यापकांना. कुणीतरी उत्तर देईलच.

टाचण
अर्जाला ती रीत आहे. इथे मात्र सगळ्यांना प्रत गेली की प्रत्येकाला वाटतं दुसरा उत्तर देईल, आणि शेवटी कुणीच देत नाही. एकाच व्यक्तीला लिहा, जिच्या कामाशी तुमचं काम लागून आहे तिला. साधारण दोन आठवडे वाट पाहा, मग त्याच पत्राखाली दोन ओळींची आठवण. त्यालाही उत्तर नाही आलं तर समन्वयकांना वेगळं पत्र.

पालवी, भूगोल विभागाची माला कोणत्या वारी असते ते पाहिलंत का?

पालवी
आत्ता पाहिलं. दर गुरुवारी दुपारी, आणि ते 'व्याख्यानमाला' म्हणतात. परिषद बुधवारी १४ तारखेला संपते. म्हणजे एक दिवस जास्त राहिले तर १५ तारखेचा गुरुवार मिळतो.

टाचण
मग पत्रात तेच लिहा. 'आपल्या सोयीने केव्हाही' हा शब्दप्रयोग नम्र वाटतो, पण समन्वयकाच्या दिनदर्शिकेत 'केव्हाही' नावाचा रकाना नसतो. मसुदा पुन्हा लिहून इथे टाका. आणि लवकर पाठवा, अशा माला सत्र सुरू होतानाच भरत जातात.

पालवी
असा केलाय:

'विषय: गुरुवार, १५ ऑक्टोबरच्या व्याख्यानाबाबत

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.
मी वनस्पतिशास्त्र विभागात झाडांच्या वाढवलयांवर संशोधन करते. जुन्या दुष्काळांवरच्या आपल्या लेखातली वर्षे मी माझ्या वलयांशी ताडून पाहिली. बरीच जुळतात, पण काही कोरडी वर्षे झाडांत दिसतात आणि आपल्या नोंदींत दिसत नाहीत. ती का, हा माझ्या व्याख्यानाचा विषय आहे.
१२ ते १४ ऑक्टोबरला मी परिषदेसाठी आपल्या शहरात आहे. आपल्या व्याख्यानमालेत १५ तारखेचा गुरुवार मोकळा असेल, तर तिथे बोलायला मला आवडेल. तो भरला असेल तर आपल्या संशोधनगटासमोर अर्धा तास बोलणेही चालेल. यासाठी दुसऱ्या कोणाला लिहायला हवे असल्यास कृपया कळवावे.
प्रवासखर्चाची सोय झालेली आहे. पाच ओळींचा गोषवारा खाली देत आहे.'

टाचण
हे पत्र मी समन्वयक असतो तर त्याच दिवशी पुढे सरकवलं असतं. सगळ्यांत चांगलं वाक्य म्हणजे न जुळणारी वर्षं. त्यांच्या कामाबद्दल 'अत्यंत मोलाचे' वगैरे लिहिलं असतं तर तुम्ही लेख वाचल्याचं त्यांना कळलं नसतं, या वाक्याने कळतं. गटासमोर बोलायचा पर्यायही ठेवाच, माला भरलेली असताना तोच कामी येतो.

गोषवाऱ्याच्या शीर्षकात पेशीभित्तीची जाडी वगैरे असेल तर ते काढा. समोर भूगोलाचे लोक असतील, त्यांना दुष्काळ दिसू द्या. आणि सोबत परिचयपत्र, प्रमाणपत्रं, प्रकाशनांची यादी जोडू नका, नाहीतर अर्जाचा वास पुन्हा येईल. स्वतःच्या पानाचा दुवा पुरे.

शुद्धलेखक
'बोलायला मला आवडेल' हे मराठी वळण नाही, परक्या भाषेतून आलेलं आहे. 'बोलण्याची इच्छा आहे' असं हवं.

मेघना_क
मला नाही पटत. 'तुझ्याकडे यायला आवडेल' असं आपण घरात सहज म्हणतो. 'इच्छा आहे'मध्ये समोरच्यावर ती पूर्ण करायची जबाबदारी येते. 'आवडेल' मोकळं सोडतं.

टाचण
माझा कल मेघनाकडे आहे. 'मिळावी', 'व्हावी' ही रूपं याचकाची, 'आवडेल' बरोबरीच्या माणसाचं. पण माझ्या पिढीतले काही प्राध्यापक 'आवडेल' वाचून भुवया उंचावतात, हेही खरं. पालवी, त्या स्वतः कसं लिहितात ते त्यांच्या लेखनात पाहा आणि ठरवा.

मेघना_क
खर्चाच्या ओळीवर माझी वेगळी हरकत आहे. विभागाकडे पाहुण्यांसाठी तरतूद असेल तर आपण आधीच सोडून का द्यायची? नवख्या संशोधकांनी हे फुकट करायची सवय लावली की पुढच्यालाही तसंच करावं लागतं.

टाचण
रास्त आहे. पण खर्च कुणाचा हा प्रश्न मनात राहिला की समन्वयक उत्तर लांबवतो, हेही मी पाहिलंय. तारीख जवळ असेल तर ती ओळ ठेवावी असं माझं मत. ज्यांच्याकडे परिषदेचा निधी नाही त्यांनी काय करावं, याला माझ्याकडे चांगलं वाक्य नाही.

रविकिरण
'मुक्कामाबाबत आपल्या विभागाची काय पद्धत आहे ते कळवावे' असं विचारलं तर? माझ्या एका मित्राने असं विचारलं होतं, त्याला एका रात्रीसाठी अतिथिगृह मिळालं.

मेघना_क
हे वाक्य छान आहे. मागणीही नाही आणि सोडूनही दिलं नाही.

पालवी
मला फक्त १४ तारखेची रात्र जास्तीची लागणार आहे, तेव्हा खर्चाची ओळ बदलून 'प्रवासाची सोय झालेली आहे. १४ तारखेच्या मुक्कामाबाबत आपल्या विभागाची पद्धत कळवावी' अशी करते. 'आवडेल' ठेवतेय. त्यांच्या एका प्रस्तावनेत 'वाचकांची मते ऐकायला आवडेल' असं आहे.