मदत हवी आहे : भिंतीच्या ओलीबद्दल घरमालकांना द्यायच्या पत्राचा मसुदा

प्रतापनगरवासी : नागपुरात आम्ही तळमजल्यावर भाड्याने राहतो. बैठकीच्या खोलीतील पश्चिमेच्या भिंतीला ओल येऊन रंगाचे पोपडे सुटत आहेत. हा आमच्या कूलरचा परिणाम आहे आणि रंगाचा खर्च डिपॉझिटमधून कापला जाईल, असे घरमालक म्हणतात. त्यांना द्यायच्या पत्राचा मसुदा असा आहे :

"माननीय महोदय, स.न.वि.वि. खिडकीखालच्या भिंतीवर ओलीचे डाग पडले असून, तेथील प्लास्टर नखाने खरवडले तरी वाळू गळते आणि नाण्याने ठोकल्यास पोकळ आवाज येतो. कूलर दुसऱ्या खोलीत होता व पाऊस लागताच बंद केला. डाग त्यानंतर उमटले. तरी भिंत रंगवून द्यावी, ही विनंती."

एवढे पुरेसे आहे का? दुरुस्ती झाली नाही, तर खर्च भाड्यातून कापता येईल का?

विदर्भपुत्र : निश्चित येईल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999, कलम 14 पाहावे. 15 दिवसांची नोटीस द्या आणि खर्च कापा.

सुमन_ताई : आमच्याकडे वरच्या फ्लॅटच्या न्हाणीघरातून पाणी झिरपत होते. तुम्हीही वरच्यांकडे चौकशी करावी.

बांधकाम_निरीक्षक : ताई, डाग छतावर नसून खिडकीखाली आहेत, त्यामुळे मला आधी बाहेरच्या भेगांचा आणि खिडकीच्या पट्टीचा संशय येतो, मात्र भिंतीत नळ असेल तर तोही तपासावा.

पत्र देण्यापूर्वी, पाऊस चालू असतानाच, डागावर फूटभर पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवसांनी पाहा. प्लास्टिकच्या भिंतीकडील बाजूला पाणी साचले, तर ओल भिंतीतूनच येत आहे. खोलीकडील बाजूला साचले, तर हवेतील दमटपणा आहे आणि मालकांच्या म्हणण्यात तथ्य असू शकते. तारखेसह छायाचित्र पत्राला जोडावे.

"रंगवून द्यावी" हे शब्द मात्र काढाच, कारण भुसभुशीत प्लास्टरवर लावलेला रंग पुढच्या पावसात पुन्हा सुटेल आणि मालक म्हणतील की मागितले ते दिले. सुटलेले प्लास्टर विटेपर्यंत काढावे, बाहेरच्या भेगा बुजवाव्यात, नव्या प्लास्टरवर किमान सात दिवस पाणी मारावे आणि भिंत पूर्ण वाळल्यावरच पुट्टी लावावी, असे स्पष्ट लिहा.

कलम 14 बद्दल विदर्भपुत्र यांचे म्हणणे अर्धेच आहे. वर्षभराच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक रक्कम कापता येत नाही, आणि ते कलम भाडेकरूसाठी आहे. आपला करार अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स असेल, तर त्यावर विसंबून भाडे कापू नये.

प्रतापनगरवासी : करार लीव्ह अँड लायसन्सचाच आहे, म्हणून भाडे कापण्याचा विचार सोडला. प्लास्टिक आज लावले असून मसुद्यातील शेवटचे वाक्य बदलले आहे. करारात "किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याने करावी" असे एक कलम आहे. विटेपर्यंतचे प्लास्टर किरकोळ ठरत नाही, असे मला ठामपणे वाटते. तरी हे पत्रात आपणच मांडावे, की त्यांनी मुद्दा काढेपर्यंत थांबावे?

बांधकाम_निरीक्षक : मी मांडले असते. पण करार वकिलांना दाखवून मगच ठरवा.