मदत हवी आहे: गुरुवारी एमडींसमोर व्हीएफडी कॉम्प्रेसरचा प्रस्ताव मांडायचाय

कुपवाडकर_मेंटेनन्स
गुरुवारी मीटिंग आहे. जुना एअर कॉम्प्रेसर काढून व्हीएफडी, म्हणजे हवेच्या गरजेप्रमाणे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा घ्यायचा, 22 लाख. व्हेंडरच्या मते वर्षाला 9 लाख वाचतील. स्लाइड्सचा क्रम कसा ठेवू आणि ते काय विचारतील? लवकर सांगा.

मिरजेचा_बाळू
सुरुवातीला कंपनीचा इतिहास, मग व्हिजन, मग टीमचे फोटो. शेवटी आकडे. आमच्याकडे ईआरपीच्या वेळी असंच केलं, साहेब खूश झाले.

जुनी_शिफ्ट
एमडींना कंपनीचा इतिहास माहीत नसेल होय, बाळू?
कुपवाडकर, कॉम्प्रेसर किती किलोवॅटचा? लोडचे, म्हणजे हवा भरतानाचे, आणि अनलोडचे, म्हणजे नुसतं रिकामं फिरतानाचे तास किती? मीटिंगमध्ये कोण कोण, वेळ किती?

कुपवाडकर_मेंटेनन्स
75 चा स्क्रू, फिक्स्ड स्पीड. एमडी, फायनान्सचे साहेब आणि प्लांट हेड. पंधरा मिनिटं. तास बघावे लागतील. पण मी स्लाइड्सचं विचारलंय.

सांगली_सोलार
छतावर सोलार टाका, बिलच कमी होईल. फुकट सल्ला देतो, फोन करा.

जुनी_शिफ्ट
तास कळल्याशिवाय स्लाइड होत नाही, दादा. पॅनलवर दिसतात, आत्ता जाऊन बघा.

व्हीएफडी_फॅन
तास कशाला? व्हीएफडी म्हणजे 35 टक्के बचत, सगळीकडे तेच. डोळे झाकून घ्या.

जुनी_शिफ्ट
सगळीकडे नाही. मशीन सतत पूर्ण लोडवर असेल तर ड्राइव्हमध्येच थोडी वीज जाते, म्हणजे उलट तोटा. लोड वरखाली होत असेल तिथेच फायदा.

कुपवाडकर_मेंटेनन्स
बघितलं. 60 टक्के वेळ लोड, 40 टक्के अनलोड. वर्षाला साधारण 6000 तास चालतो. करंटवरून लोडला 80 किलोवॅट, अनलोडला 26.

जुनी_शिफ्ट
आता बोलता येईल. अनलोडमध्ये 2400 तास गुणिले 26, म्हणजे 62,400 युनिट. युनिट 9 रुपयांनी धरा, साडेपाच लाखांच्या वर. व्हीएफडी यातलं बरंच वाचवेल, सगळं नाही. मग व्हेंडरचे 9 लाख आले कुठून? फायनान्सवाले पहिल्याच मिनिटाला हे विचारणार. 22 लाखांचा परतावा चार वर्षांच्या पुढे जातो.
दुसरा प्रश्न त्याहून वाईट: लिकेज किती? साप्ताहिक सुट्टीला सगळी मशीन बंद ठेवून कॉम्प्रेसर चालवा. किती वेळ लोड होतो आणि किती वेळ अनलोड राहतो ते घड्याळ लावून लिहा.

कुपवाडकर_मेंटेनन्स
मागच्या सुट्टीला ऑपरेटरने बघितलं होतं. दीड मिनिट लोड, साडेचार मिनिटं अनलोड.

जुनी_शिफ्ट
म्हणजे सहा मिनिटांतली दीड. मशीनच्या क्षमतेच्या 25 टक्के हवा गळतीतच. ती 10 टक्क्यांवर आणली तर लोड 60 चा 45 वर येतो. 900 तास मशीन लोडऐवजी अनलोडला जाईल, तासाला 54 युनिट वाचतील, वर्षाला चार लाखांच्या वर. खर्च होजपाइप, कपलिंग, ऑटो ड्रेन आणि मजुरीचा. आणि लोड 45 वर आला की 75 चं मशीन लागतं का तेच बघावं लागेल. कदाचित 55 चं पुरेल, पण पीकला किती हवा लागते ते आठवडाभर लॉगर लावून मोजल्याशिवाय सांगता येणार नाही.
म्हणून पहिल्या स्लाइडवर मशीनचा फोटो नको. तिथे एकच मागणी: गळती दुरुस्तीला मंजुरी, मग मोजणी, मग मशीनचा आकार ठरवू. दुसरीवर वरचा हिशोब, तिसरीवर काहीच केलं नाही तर वर्षाला किती जातात. बाकी सगळं मागे ठेवा, विचारलं तरच उघडा.

बुधगावची_अकाउंट्स
मी अशा मीटिंगांत फायनान्सच्या बाजूला बसते. "ऑर्डर घटल्या तर?" हे नक्की येतं. तुम्ही म्हणाल लोड कमी झाला की व्हीएफडीचा फायदा वाढतो. ते खरं, पण चालू तासच घटले तर बचतही घटते. 6000 ऐवजी 4500 तासांचा आकडा सोबत ठेवा, तोंडी नको, कागदावर. आणि जुन्या मशीनचं काय करणार? स्टँडबाय ठेवणार असाल तर तिची विक्रीची रक्कम हिशोबात धरू नका.

मिरजेचा_बाळू
स्टँडबाय लागतोच. आमचा ईआरपी सर्व्हर पडला तेव्हा...

कुपवाडकर_मेंटेनन्स
मोठे साहेब विचारतील, गळती होती तर आतापर्यंत का नाही केली? हे काय उत्तर द्यायचं?

जुनी_शिफ्ट
मोजलीच नव्हती, असं सरळ सांगा.

बुधगावची_अकाउंट्स
मला नाही पटत. प्लांट हेड समोर बसणार, त्यांचं नाक कापल्यासारखं होईल. आधी त्यांना एकट्यात हा आकडा दाखवा, मगच मीटिंग.

जुनी_शिफ्ट
आकडा आधी दाखवला तर ते स्वतःच नेतील आणि हे मागे बसतील.

व्हीएफडी_फॅन
गळती-बिळती जाऊ दे, 22 लाख पास करून घ्या आधी.

कुपवाडकर_मेंटेनन्स
व्हेंडरला फोन केला, तो 8000 तास धरून बसलाय, आणि पूर्ण लोडशी तुलना केलीये. नवीन स्लाइड करतोय. लॉगर भाड्याने कुठे मिळेल, कुणाला माहीत आहे का?

सांगली_सोलार
आमच्याकडे मिळेल. सोलारबरोबर.